खिळ्यावरची नान

माझ्या सासूबाईंचं एक तत्त्व आहे. 'नाही' हा शब्द माणसाच्या तोंडावर म्हणायचा नसतो, तो आजाराच्या नाहीतर रस्त्याच्या, म्हणजे प्रवासाच्या, अंगावर ढकलायचा असतो. आजाराचं नाव घेतलं तर तो खरंच घरात शिरतो म्हणून त्या शक्यतो रस्त्यावरच भागवतात. या तत्त्वापायी मी तीन महिने कोरियात राहून आले, आणि तेही समरकंदच्या वेशीबाहेर पाऊल न टाकता. आज सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र रोज सकाळी उठल्याउठल्या आज कुणाची नजर चुकवायची ते ठरवावं लागायचं.

गोष्ट हमदम उस्तादांची आहे. बाविसाव्या वर्षी मी जुन्या डबाबंद फळांच्या कारखान्यात कामाला लागले तेव्हा ते तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. मला कॉलेजातून पदवी मिळाली होती आणि काडीची अक्कल नव्हती. जर्दाळू दोन बोटांत धरून दाबायचा आणि 'यात ओलावा किती' ते सांगायचं, हे त्यांनी मला शिकवलं. मी यंत्र लावून तासाभरानं आकडा काढायचे, आणि तो त्यांच्या बोटांनी आधीच सांगितलेला असायचा. सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. पुढे कारखाना बंद पडला. उस्तादांनी शहराच्या कडेला स्वतःची शेड घातली, जर्दाळू आणि मनुका वाळवून बाहेर पाठवायला लागले, आणि मी एका रसाच्या कंपनीत गेले.

त्या मे महिन्यात रसाची कंपनीही गुंडाळायची वेळ आली. बातमी उस्तादांच्या कानावर गेली आणि तिसऱ्याच दिवशी ते आमच्या दारात उभे. एका हातात दोन नान, दुसऱ्या हातात लालभडक चेरींची पिशवी. माझा नवरा ओदिल घरात होता, सासूबाई होत्या. उस्ताद चटईवर टेकले, चहा घेतला, आमच्या लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग म्हणाले, "सनोबर, माझ्याकडे ये. मालाची तपासणी सगळी तुझ्या हाती. माझे डोळे आता साथ देत नाहीत. नळीवरच्या बारीक रेघा एकीच्या दोन दिसतात मला."

मला फार आनंद झाला. आणि त्याच क्षणी मनात दुसरंच काहीतरी हललं. कारण आदल्या आठवड्यात मी विमानतळाच्या रस्त्यावरच्या मोठ्या कंपनीत मुलाखत देऊन आले होते. त्यांच्याकडे नवी कोरी यंत्रं होती, बाहेरदेशी जाऊन शिकायची सोय होती, आणि मला कुणी ओळखत नव्हतं. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली होती, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"विचार करून सांगते, उस्ताद," मी म्हटलं.

"कर की! बाई विचार न करता हो म्हणाली तर मला धास्ती वाटते," ते हसले आणि गेले.

आता इथे माझी पहिली चूक. मोठ्या कंपनीचं पत्र चौथ्या दिवशी आलं, मी पाचव्या दिवशी सही केली, आणि उस्तादांना कळवलं नाही. सहावा दिवस गेला, सातवा गेला. रोज फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. ओदिल म्हणाला, "अगं, सरळ सांगून टाक ना. माणूस मोठा आहे, समजून घेईल." मी म्हटलं, "तुला काय जातंय सांगायला! तुला कुणी शिकवलंय का कधी काही?" बिचाऱ्यानं पाना उचलला आणि बाहेर गेला. तो गाड्या दुरुस्त करतो आणि त्यालाही कुणीतरी शिकवलंच असणार, पण मी भांडायच्याच मनःस्थितीत होते.

सासूबाईंनी मग सूत्रं हातात घेतली. हासियत त्यांचं नाव. गल्लीतल्या निम्म्या सोयरिकी त्यांनी जुळवल्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या मोडल्या आहेत, आणि मोडलेल्यांपैकी एकही घर त्यांच्याशी बोलायचं थांबलेलं नाही. या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान.

"हे बघ पोरी," त्या म्हणाल्या, "त्यांना सांगून टाक, आम्ही कोरियाला चाललोय. ओदिलचा धाकटा भाऊ तिथे आहेच. नवरा निघाला, बायको गेली. यात कुणाचा अपमान नाही, कुणाचा राग नाही. दार उघडं राहतं. दोन वर्षांनी गरज पडली तर म्हणायचं, परत आलो."

"आई, आणि बाजारात दिसले तर?"

"समरकंद काय एवढंसं आहे होय? त्या अंगाला जाऊ नकोस म्हणजे झालं."

सुंठीवाचून खोकला जातोय असं मला वाटलं. तोबा तोबा, काय बाई डोकं गहाण टाकलं होतं मी!

नवव्या दिवशी मिठाईचा डबा घेऊन मी उस्तादांच्या शेडवर गेले. आत शिरले आणि दाराशीच थांबले. उत्तरेच्या खिडकीशी नवं टेबल ठेवलेलं होतं, पांढरा रंग अजून ओला. शेजारी उंच खुर्ची. काचेच्या नळ्यांना स्टँड. उस्तादांच्या हाताला रंग लागलेला होता.

"उत्तरेचा उजेड," ते म्हणाले. "तपासणीत द्रावणाचा रंग बदलताना खोटं दिसत नाही त्या उजेडात. बस बघू, उंची बरोबर आहे का?"

मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. कोरिया, दीर, नवरा, व्हिसा. पाठ केलेलं होतं ना, घडाघडा आलं. आभारही मानले, 'तुमच्यामुळे मी आहे' हेही म्हटलं, आणि हे एवढं वाक्य तेवढं खरं होतं.

उस्ताद थोडा वेळ रंगाचा ब्रश पुसत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर किती बरं झालं असतं! पण त्यांनी फक्त हाक मारली, "रोबिया, एक ताजी नान आण."

रोबिया-ओपा, म्हणजे रोबियाताई, तिथल्या फळं निवडणाऱ्या बायकांची प्रमुख. कारखान्यापासून उस्तादांबरोबर, जिभेला हाड नाही. ती आतून नान घेऊन आली, मधोमध ठसा उमटलेली, जड, चकचकीत, आमच्या समरकंदची. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण उशीर झाला होता. घरचं माणूस दूरदेशी निघालं की त्याला नानचा एक घास चावायला लावतात आणि उरलेली नान भिंतीला टांगून ठेवतात. त्याचं अन्न इथे बाकी आहे, तो ते खायला परत येणारच, म्हणून. लष्करात जाणाऱ्या पोरांची नान टांगतात, परदेशी मजुरीला जाणाऱ्यांची टांगतात. सासूबाईंना सगळ्या जगाची अक्कल, पण जो रस्त्याला लागतो त्याच्यापुढे नान येते, एवढं काही त्यांना आठवलं नाही. मलाही नाही.

"चाव," उस्ताद दोन्ही हातांनी नान माझ्यापुढे धरून म्हणाले. "परकी माणसं नान चावायला देत नाहीत. तुझी आई असती तर तिनं दिली असती. आता मी देतो."

माझी आई जाऊन चार वर्षं झालीत. मी काय करणार? चावले. उस्तादांनी नान स्वच्छ फडक्यात बांधली, चावलेली बाजू बाहेर ठेवून, आणि त्या पांढऱ्या टेबलाच्या वरच्या खिळ्याला टांगली.

"येशील तेव्हा ही खुर्ची तुझी," ते म्हणाले.

मला वाटलं, असंच म्हणायची पद्धत आहे. सगळेच म्हणतात. रोबिया-ओपानं डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. मी बाहेर पडले आणि कोपऱ्यावर वळून भिंतीशी ढसाढसा रडले.

पुढचं काय सांगू! नवी नोकरी चांगली होती. यंत्रं लखलखीत, वरिष्ठ बाई नीट शिकवणारी. आणि माझ्या मनात चोर. शेडच्या बाजूचा बाजार सोडून मी लांबच्या बाजारात जायला लागले. एकदा टरबूज घ्यायला थांबले तर समोरून रोबिया-ओपा! मी खरबुजांच्या ढिगामागे अशी बसले की विकणाऱ्या म्हाताऱ्याला वाटलं मला घेरी आली. तो पाणी घेऊन धावला. "हळू, आजोबा, हळू," मी हात जोडले.

आणि उस्तादांचे निरोप यायचे. आठवड्यातून एकदा, टेलिग्रामवर, आवाजात. त्यांना टाइप करता येत नाही, अक्षरं दिसत नाहीत. "सनोबर, पोरी, कशी आहेस? बाळ तिथलं खातंय का? त्यांच्याकडे म्हणे नान नसते, नुसता भात. जर्दाळू पाठवू का? कुणी जाणारं असलं तर कळव." मागे शेडचा आवाज, चाळण्यांचा, बायकांच्या हसण्याचा. मी दिराकडून बुसानच्या समुद्राचे फोटो मागवायचे आणि पुढे पाठवायचे. "इथे पाऊस फार आहे, उस्ताद," असंही एकदा म्हणाले. स्वयंपाकघरात नळ सोडून म्हणाले, मागे पाण्याचा आवाज यावा म्हणून. लाज वाटते मला हे सांगायची, पण झालंय तसं सांगते आहे.

सासूबाई खूश. "बघ, म्हटलं नव्हतं? संबंध कसे राहिलेत तूपसाखरेसारखे!"

"आई, तुम्ही गप्प बसा," मी एकदा ताडकन बोलले. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत आणि संध्याकाळी माझ्या आवडीचा पुलाव रांधला. म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

ऑगस्टच्या शेवटी गुलरुख भेटली. रसाच्या कंपनीत माझ्या हाताखाली होती, हुशार, हात स्वच्छ आणि नजर तेज. लहान मुलीमुळे वर्षभर घरी होती, आता काम शोधत होती. आम्ही बागेत आइस्क्रीम खात बसलो होतो.

"हमदम उस्तादांकडे गेले होते मी," ती म्हणाली. "जूनमध्ये. त्यांना माणूस हवाय असं ऐकलं होतं. टेबल रिकामं, खुर्ची रिकामी. मला वाटलं, झालंच काम. तर म्हणतात, जागा भरलेली आहे. मी म्हटलं, कोण आहे? तर वर बोट दाखवलं. खिळ्याला नान टांगलेली!"

माझ्या हातातलं आइस्क्रीम पातळ व्हायला लागलं.

"म्हणाले, जिची ही नान आहे ती परत येईल, तिच्या जागी दुसऱ्याला बसवून कसं चालेल. कोण आहे ग ती नशीबवान? आणि ऐक ना, त्यांचा माल परत आला म्हणे. जर्दाळूत धुरीचं गंधक मर्यादेपेक्षा जास्त निघालं, तिकडच्या तपासणीत. सगळी गाडी परत. ते स्वतःच तपासत होते, नळीवरचा आकडा चुकीचा वाचला. रोबिया-ओपा सांगत होती, दोन दिवस माणूस त्या टेबलापाशी नुसता बसून होता."

मी तिला म्हटलं, "गुलरुख, ती मी." तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की अजून कधीकधी रात्री मला ती नजर आठवते. तीन महिने ती घरी बसली होती. माझ्या एका घासामुळे.

मी 'नाही' म्हणाले असते तर उस्ताद चिडले असते. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माणूस शोधला असता. मी 'हो'ही नाही म्हटलं आणि 'नाही'ही नाही म्हटलं. नान टांगून ठेवली. माझ्या गोड बोलण्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी घेऊन मी शेडवर गेले. मिठाई नाही, डबा नाही. सासूबाईंनी दारात विचारलं, "काय सांगणार?" मी म्हटलं, "खरं." त्या म्हणाल्या, "अल्ला तुझ्या पाठीशी असो," आणि खरं सांगते, त्यांचा चेहरा उतरला होता.

दुपारची वेळ होती. अंगणात द्राक्षं वाळत घातलेली. उस्ताद टेबलाशी वाकून एक जर्दाळू दोन बोटांत दाबत होते. वर खिळ्याला ती नान. आमची नान खराब होत नाही, वर्षभर टिकते. घास काढलेली जागा तेवढी गडद झाली होती.

मला बघून ते उठले. चेहरा असा उजळला की मी मागे फिरून पळाले असते.

"परत आलीस! रोबिया! अगं, आपली पोर परत आली!"

"उस्ताद, मी गेलेच नव्हते."

ते ऐकत राहिले. मी सगळं सांगितलं. कंपनी, सही, नऊ दिवस, फोटो, खरबुजांचा ढीग, नळाचं पाणीसुद्धा. रोबिया-ओपा दारात उभी होती, हात पिठानं नाही तर गंधकाच्या पिवळ्या धुळीनं भरलेले. मी बोलून संपवलं तेव्हा शेडमधल्या बायकांचे हातही थांबले होते.

"आणि गुलरुखला तुम्ही परत पाठवलंत माझ्यासाठी," मी म्हटलं. "आणि माल परत आला. तेही माझंच."

उस्तादांनी किटली उचलली. माझ्यासमोर पियाला ठेवला आणि ओतायला लागले. आमच्यात पाहुण्याला घोट घोट ओततात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागत बसेल. उस्ताद ओततच राहिले. पियाला काठोकाठ भरला, वर चहाचा फुगवटा आला. याचा अर्थ लहान मुलालाही कळतो: पी आणि निघ.

मी हलले नाही. हलले असते तर चहा सांडला असता.

"बाहेर पाऊस पडतोय का ग?" ते म्हणाले. "कोरियात फार असतो ना."

"उस्ताद..."

"दुसरीकडे गेलीस याचं मला वाईट वाटत नाहीये. माणसं जातात. मी स्वतः तीन मालक सोडले. पण मी जगाला सांगत होतो, माझी पोर परदेशी आहे, तिच्यासाठी दुवा करा. मशिदीत सांगितलं मी. शेजारी विचारायचे, काय खबर? आणि तू खरबुजांच्या मागे!"

मी ओशाळून रोबिया-ओपाकडे बघितलं.

"मग काय," ती म्हणाली. "लाल चपला. त्या मीच तुला दिल्या होत्या ना लग्नात? मी पाहिल्या. पण यांना सांगायला धीर झाला नाही. रोज त्या नानवरची धूळ पुसत होते हे. कोणत्या तोंडानं सांगू?"

उस्तादांनी मान वर केली. तिनंही त्यांच्यापासून लपवलं होतं, आणि हे आपण बोलून गेलो ते रोबिया-ओपाला बहुधा आत्ताच कळत होतं.

"एक सांग," उस्ताद हळू म्हणाले. "का नको म्हणालीस? खरं कारण. पगार होता का?"

"पगारही होता. पण तो नाही." आता बोलायचंच तर सगळं. "तुमच्या समोर मी आयुष्यभर शिकाऊच राहिले असते, उस्ताद. मी यंत्र लावून आकडा काढला तरी माझी नजर तुमच्या बोटांकडे जाते. ते काय म्हणतात बघायला. मला एकदा माझ्या आकड्यावर उभं राहून बघायचंय. तुमच्याजवळ असताना मला ते जमणार नाही. तुमच्यावर माझी माया आहे, म्हणून नाही जमणार."

उस्तादांनी हातातला जर्दाळू टेबलावर ठेवला. मग उचलला. मग पुन्हा ठेवला.

"हे मे महिन्यात बोलली असतीस," ते म्हणाले, "तर मी दोन दिवस रागावलो असतो. तिसऱ्या दिवशी गुलरुखला ठेवलं असतं."

"तिला आजही ठेवा. तिच्यासारखा हात माझाही नाही, खरं सांगते. मी तिला रविवारी येऊन दाखवेन, तुमच्या नळ्या, तुमचे..."

"नको." एवढा एक शब्द जोरात आला. "तू आता दुसऱ्याचं खातेस. इथल्या कामाला हात लावलास तर तुझ्या मालकाशी बेइमानी. एकाला फसवलंस तेवढं पुरे. तिचा नंबर दे, बाकी मी बघेन."

मी नंबर लिहून दिला, मोठ्या अक्षरांत.

"आता ती नान काढ."

मी खुर्चीवर चढले. तीन महिन्यांत त्या खुर्चीला माझा पहिला स्पर्श तो असा झाला. नान खाली आणली. दगड झाली होती. उस्तादांनी हातानं तिचे तुकडे केले, जोर लागला. नानला सुरी लावत नाहीत आणि ती मोडायचा मान मोठ्याचा, म्हणून मीही मदत करू शकले नाही, नुसती बघत राहिले.

"प्रवासी आला की त्याची नान खायची असते," ते म्हणाले. "गेलीस किंवा नाही, नान टांगली होती खरी. ती फेकता येत नाही."

मी तुकडा त्या काठोकाठ भरलेल्या चहात बुडवला. चहा सांडला, टेबलाच्या पांढऱ्या रंगावर ओघळला. मी खायला लागले. उस्तादांनी एक तुकडा घेतला, रोबिया-ओपानं एक. नान दाताखाली कुरकुरत होती आणि मी रडत होते. शेवटचा तुकडा संपेपर्यंत मी तिथे होते. निघताना ताजी नान कुणी पुढे केली नाही. मीही मागितली नाही. मी कुठे चालले होते? चार बसथांबे.

गुलरुख पुढच्या सोमवारी कामाला लागली. माझ्याशी आधी महिनाभर तुटक बोलायची, मग हळूहळू निवळली. उस्तादांचे आवाजी निरोप बंद झाले. मी मात्र पाठवत राहिले, महिन्यातून एक. खरे. "उस्ताद, आज आमच्या यंत्रानं एक आकडा दिला आणि मला पटला नाही, पुन्हा काढला तर मीच बरोबर होते." "उस्ताद, ईद मुबारक." "उस्ताद, सासूबाईंना गुडघ्याचं दुखणं लागलंय, खरंखुरं." उत्तर यायचं नाही. ऐकले आहेत एवढी खूण तेवढी दिसायची. तेवढ्यावर मी हिवाळा काढला.

पुढच्या मे महिन्यात, कामावर असतानाच, फोन वाजला. उस्तादांचा आवाज, मागे चाळण्या.

"सनोबर. मनुकांची वेगळी शेड काढतोय. तिथे मुख्य माणूस लागेल, गुलरुखच्या वरचा, तिनंच तुझं नाव घेतलंय. विचार कर. 'नाही' म्हणायचं असेल तरी चालेल, पण यायचं, बसायचं, आणि माझ्या तोंडावर म्हणायचं. नऊ दिवस लावायचे नाहीत."

मी त्याच संध्याकाळी गेले. ओदिल सोडायला आला होता, मी त्याला बाहेर थांबवलं. त्या पांढऱ्या टेबलाशी गुलरुख बसली होती, वरच्या खिळ्याला तिचा एप्रन. ती खुर्चीतून उठायला लागली, मी तिला खांद्याला धरून बसवलं.

उस्तादांसमोर चटईवर बसले. सासूबाईंचं सगळं तत्त्वज्ञान घशापर्यंत आलं, दीर, व्हिसा, गुडघे. गिळून टाकलं.

"उस्ताद, तुम्ही पुन्हा विचारलंत यासारखा मान मला दुसरा नाही. पण आत्ता नाही. कंपनीत चाललेलं शिक्षण अर्ध्यावर आहे, ते सोडून आले तर तुमच्याकडेही अर्धीच येईन. गुलरुखला वर चढवा, ती तयार आहे. आणि दोन वर्षांनी, जागा असली किंवा नसली, मी येऊन विचारेन. तुम्ही 'नाही' म्हणालात तरी मी रागावणार नाही. फार तर दोन दिवस."

गुलरुखच्या हातातली नळी तशीच थांबली होती. उस्ताद माझ्याकडे बघत होते, त्या थकलेल्या, एकीच्या दोन रेघा दिसणाऱ्या डोळ्यांनी. ते दुखावले होते. मला स्पष्ट दिसत होतं, आणि मी नजर खाली घातली नाही. एवढं तरी माझ्याकडे त्यांचं देणं होतं.

मग त्यांनी किटली उचलली. पियाला माझ्यापुढे सरकवला. माझी नजर किटलीच्या तोंडावरून हलेना, खोटं कशाला सांगू.

त्यांनी तळाशी दोन घोट ओतले आणि थांबले.